कमोडची फ्लश टाकी गुपचूप गळते आहे का? चिमूटभर खाण्याच्या रंगाने करायची तपासणी

माझ्या मावशीच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कमोडच्या आत, मागच्या बाजूला, वरच्या कडेपासून खाली पाण्यापर्यंत एक पिवळट पांढरा पट्टा उतरला होता. दोन बोटं रुंद, हाताला खरखरीत लागणारा. मावशी दर रविवारी तो घासायची आणि पुढच्या पंधरवड्यात तो पुन्हा दिसायचा. तिला वाटायचं, टँकरचं पाणी जड आहे, त्याचे क्षार बसताहेत. क्षार होतेच. पण भांड्याला चारी बाजूंनी सारखंच पाणी लागत असताना पट्टा एकाच जागी का बसतो, हा प्रश्न कोणाला सुचला नव्हता. त्या जागेवरून चोवीस तास पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत होता, म्हणून तो तिथे बसत होता.

असं पाणी डोळ्यांना का दिसत नाही, ते आधी समजून घेऊ. टाकीच्या तळाशी एक गोल भोक असतं. त्यावर रबराचा किंवा सिलिकॉनचा वॉशर बसलेला असतो. बटण दाबलं की तो वॉशर उचलला जातो आणि पाणी खाली येतं. वॉशर कडक झाला, त्याच्याखाली क्षाराचा कण अडकला किंवा तो जरा तिरका बसला, की पाणी थोडं थोडं झिरपत राहतं. ते कमोडच्या कडेखालच्या भोकांतून येऊन भिंतीला चिकटून उतरतं. धार नसते, थेंबाचा आवाज नसतो. कमोडमधलं पाणीही वाढत नाही, कारण जेवढं वरून येतं तेवढं मागच्या वळणातून गटारात जातं. दुसरीकडे टाकीतला बॉलकॉक गेलेलं पाणी तितक्याच हळू भरून काढतो, म्हणून टाकी कायम भरलेली दिसते. फ्लॅटला पाण्याचा मीटर असला तरी इतक्या मंद गळतीने त्याचा काटा बऱ्याचदा हलतही नाही.

म्हणून टाकीतलं पाणी रंगवायचं आणि फ्लश न करता रंग खाली उतरतो का ते बघायचं. अमेरिकेत अनेक शहरांतल्या पाणीपुरवठा संस्था यासाठी रंगाच्या छोट्या गोळ्या लोकांना फुकट देतात. आपल्याकडे गोळ्या शोधत बसू नका, किराणा दुकानातला खाण्याचा रंग तेच काम करतो.

कोणता रंग, किती

लाल, हिरवा किंवा निळा घ्या. पिवळा आणि जिलेबीचा केशरी रंग पांढऱ्या भांड्यात पातळ झाला की ओळखू येत नाही, आणि आपल्याला नेमका पातळ झालेला रंगच ओळखायचा असतो. बाटलीतला द्रवरूप रंग असेल तर दहा लिटरच्या टाकीला दहा-बारा थेंब पुरतात. पूड असेल तर दोन चिमटी घेऊन अर्धा कप पाण्यात पूर्ण विरघळवा आणि चहाच्या गाळणीतून गाळून घ्या. न विरघळलेला कण वॉशरखाली गेला तर नसलेली गळती सुरू व्हायची.

रंग हाताशी नसेल तर बीट किसून, पिळून, गाळून घेतलेला अर्धा कप रसही चालतो. हळद, कुंकू आणि रंगपंचमीचा उरलेला रंग मात्र वापरू नका. हळदीचे डाग प्लास्टिकवरून निघत नाहीत, कुंकू आणि रंगपंचमीचे बरेच रंग पाण्यात नीट विरघळत नाहीत. कोणी पोटॅशियम परमँगनेट सुचवलं तरी नको. त्याचे तपकिरी डाग राहतात.

टाकीत निळं पाणी करणारी सुगंधी वडी टाकायची सवय असेल तर ती आधी काढा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत फ्लश करा. नाहीतर खालचा निळा रंग आजचा की कालचा, हे कळायला मार्ग नाही. ती वडी पुन्हा टाकू नका, असंच मी सांगेन. टाकीत ठेवायच्या वड्यांपैकी ज्यांत ब्लीच असतं, त्या रबर खराब करतात. म्हणजे ज्या वॉशरची आपण तपासणी करतोय, त्याचंच आयुष्य त्या कमी करतात.

तपासणी

वेळ अशी निवडा की अर्धा-पाऊण तास त्या टॉयलेटमध्ये कोणी जाणार नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, दारावर कागद चिकटवला तर उत्तम. निम्म्या तपासण्या कोणीतरी सवयीने बटण दाबल्यामुळे फुकट जातात.

पहिल्यांदा एक पूर्ण फ्लश करा आणि टाकी भरून बॉलकॉकचा आवाज थांबेपर्यंत थांबा. टाकी अर्धवट भरलेली असताना वॉशरवर पाण्याचा पूर्ण भार नसतो, आणि मग गळणारी टाकीसुद्धा निर्दोष वाटू शकते. तेवढ्यात कमोडच्या आतली मागची भिंत जुन्या फडक्याने कोरडी पुसून घ्या. हे करावंसं वाटत नाही, पण कोरड्या भिंतीवर उतरणारी ओल लगेच दिसते.

आता झाकण. प्लास्टिकच्या टाकीचं झाकण कधी नुसतं उचललं जातं, कधी बटणाभोवतीची गोल कडी डावीकडे फिरवून सोडवावी लागते. ओढाताण करू नका, बटणाखाली दांड्या असतात आणि त्या वाकल्या की नवीनच दुखणं मागे लागतं. चिनी मातीचं झाकण असेल तर दोन्ही हातांनी उचला आणि जमिनीवर जाड टॉवेल घालून त्यावर आडवं ठेवा. कमोडवर किंवा बेसिनच्या कडेला ठेवू नका.

आत दोन गोष्टी दिसतील. एका बाजूला बॉलकॉक, ज्यातून टाकीत पाणी येतं, आणि त्याचा पाण्यावर तरंगणारा फ्लोट. मध्ये उभा फ्लश व्हॉल्व्ह, ज्याच्या तळाशी आपला वॉशर आहे. याच व्हॉल्व्हला वर उघडा असलेला एक नळा असतो, तो ओव्हरफ्लो पाइप. टाकी जास्त भरली तर पाणी बाहेर न सांडता या नळ्यातून कमोडमध्ये जावं, यासाठी तो असतो.

नवख्या माणसाची चूक बहुधा इथेच होते. रंग नेमका त्या उघड्या नळ्यात पडतो, तिथून सरळ कमोडमध्ये जातो, आणि माणूस चांगला वॉशर बदलायला निघतो. रंग टाकीच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, नळ्यापासून लांब ओता. मग लांब दांड्याच्या चमच्याने पाणी हलकेच हलवा म्हणजे रंग तळापर्यंत पोचेल. चमचा व्हॉल्व्हला लागू देऊ नका. वॉशर जागचा हलला तर तपासणीला अर्थ उरत नाही.

घड्याळ लावा आणि बाहेर या. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा सल्ला दहा मिनिटं थांबा असा आहे. माझा अनुभव सांगतो, दहा मिनिटांनी बघा, पण काही दिसलं नाही तर निकाल लावू नका. अर्धा तास द्या. टाकी भिंतीवर उंच असेल आणि मध्ये लांब पाइप असेल, जसा जुन्या भारतीय पद्धतीच्या संडासात असतो, तर एक तास द्या. तपासणी संपली की लगेच दोन वेळा फ्लश करा. रंग रात्रभर टाकीत राहू देऊ नका.

काय दिसलं, त्याचा अर्थ काय

कमोडमधल्या पाण्यात रंग आला तर टाकीतून पाणी खाली जातंय, हे नक्की. पण कुठल्या वाटेने, हे रंग एकटा सांगत नाही. तळाच्या वॉशरमधून जात असेल किंवा बॉलकॉक बंदच होत नसल्यामुळे पाणी ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडावरून आत सांडत असेल. दोन्हींत खाली रंगच दिसतो, दुरुस्ती मात्र वेगवेगळी.

वेगळं ओळखायला टाकीखालचा अँगल कॉक बंद करा, म्हणजे नवीन पाणी येणार नाही. टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलीने खूण करा आणि अर्ध्या तासाने बघा. पाणी उतरत उतरत ओव्हरफ्लोच्या तोंडापाशी येऊन तिथेच थांबलं तर वॉशर चांगला आहे, दोष बॉलकॉकचा. पाणी त्या तोंडाच्याही खाली उतरत गेलं तर दोष वॉशरचा. खरं तर बॉलकॉकचा दोष नुसत्या नजरेनेही कळतो. नीट चालणाऱ्या टाकीत पाण्याची रेषा ओव्हरफ्लोच्या तोंडापेक्षा साधारण इंचभर खाली असते. ती तोंडाला भिडलेली असेल तर फ्लोट खाली करून बघा, एवढ्यानेही काम होतं.

तिसरी शक्यता अशी की पाणी खुणेपासून उतरलं, पण कमोडमध्ये रंगाचा मागमूस नाही. मग पाणी दुसरीकडे जातंय. टाकी आणि कमोड यांच्या जोडाला, टाकीच्या बोल्टना आणि मागच्या भिंतीला पांढरा टिश्यू कागद लावून बघा. तो रंगला की जागा सापडली.

चौथी शक्यता आपल्याकडच्या कमोडमध्ये फार दिसते. कमोडच्या मागच्या भिंतीवर ओल उतरतेय, टिश्यू लावला तर भिजतो, पण त्यावर रंग नाही. हे पाणी टाकीचं नव्हेच. कमोडच्या आत बसवलेला जेट असतो ना, त्याचा कॉक नीट बंद होत नाही आणि जेटच्या तोंडातून पाणी झिरपतं. रंगाने तपासल्याचा हा मोठा फायदा आहे. टाकी निर्दोष ठरते आणि कोणी उगाच ती उघडत बसत नाही.

मावशीच्या घरी

मावशीच्या बाबतीत गोष्ट आधीच एकदा चुकीच्या वाटेने गेली होती. वर्षभरापूर्वी तिला रात्री टाकीचा आवाज यायचा. कोणी टॉयलेटमध्ये गेलेलं नाही आणि टाकी अचानक पाच-सहा सेकंद सुस्स करून भरायची. मग शांत, अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा तेच. तिने प्लंबरला बोलावलं. त्याने आवाज कुठून येतो ते बघितलं, तो बॉलकॉकमधून येत होता, म्हणून त्याने बॉलकॉक बदलला. आवाज बंद झाला, मावशी समाधानी झाली.

झालं होतं ते असं. जुना बॉलकॉक पाणी थोडं उतरेपर्यंत वाट बघायचा आणि मग एकदम उघडायचा, म्हणून आवाज यायचा. नवीन बॉलकॉक पाणी जरासं उतरलं की लगेच थेंबाथेंबाने भरत राहायचा. गळती होती तशीच होती, फक्त तिची चाहूल देणारा आवाज गेला. मुकी गळती बऱ्याच घरांत अशीच तयार होते. म्हणून तुमची टाकी रात्री आपोआप भरत असेल, तर बॉलकॉक बदलण्याआधी रंग टाकून बघा.

मी लाल रंगाच्या पुडीचं पाणी करून टाकलं. सातव्या मिनिटाला पुसलेल्या भिंतीवर, बरोबर त्या पट्ट्याच्या जागी, गुलाबी रेघ उतरायला लागली. केसाइतकी बारीक. मावशी चष्मा लावून वाकून बघत होती. म्हणाली, "अगं, इतके दिवस मी हीच जागा घासतेय!"

मग अँगल कॉक बंद करून पेन्सिलीची खूण केली. अर्ध्या तासात पाणी अडीच सेंटिमीटर उतरलं आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाच्या खाली गेलं, म्हणजे वॉशरच. किती पाणी जातंय, तेही याच खुणेवरून निघतं. टाकी आतून ३८ सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर रुंद होती. ३८ गुणिले १२ गुणिले २.५ म्हणजे ११४० घनसेंटिमीटर, सव्वा लिटरला थोडं कमी. अर्ध्या तासात एवढं, तर तासाला सुमारे २.३ लिटर आणि दिवसाला साधारण ५५ लिटर. टाकीतल्या सामानाने थोडी जागा अडवलेली असते, म्हणून ५० धरू. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागतं असं धरून पुरवठ्याची आखणी होते. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग केसाएवढ्या रेघेतून चालला होता, आणि ही सोसायटी उन्हाळ्यात टँकर मागवते.

वॉशर साफ करणं

हे काम बहुतेक टाक्यांत घरी जमतं. अँगल कॉक बंद, एक फ्लश करून टाकी रिकामी. फ्लश व्हॉल्व्हचा उभा भाग हाताने धरून डावीकडे साधारण पाव फेरा फिरवला की तो बऱ्याच बनावटींत सुटतो आणि वर येतो. अडला तर जोर लावू नका, आधी फोनवर त्याचे फोटो काढा आणि कुठे खटका आहे का ते बघा. खाली बांगडीसारखा वॉशर दिसेल.

मावशीचा वॉशर वरून काळा आणि व्यवस्थित होता. उलटा करून बोट फिरवलं तर एका जागी मिठाच्या खड्यासारखं टोचलं. नखाने खरवडलं तर पांढरा क्षार निघाला, आणि त्याखाली रबरात त्याच आकाराचा खळगा पडलेला. नुसता क्षार असता तर वॉशर व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवून, बोटाने चोळून धुतल्यावर पुन्हा चालला असता. व्हिनेगर नसेल तर लिंबाच्या रसाने धुवा. खळगा पडल्यावर मात्र तो बदलायलाच हवा. जुना वॉशर पिशवीत घालून दुकानात न्या आणि त्यावर ठेवून बघूनच नवीन घ्या. वॉशरचे आकार बनावटीगणिक बदलतात आणि दोन मिलिमीटरचा फरकही गळतो.

नवीन बसवण्याआधी टाकीच्या तळाची, जिथे वॉशर टेकतो ती कडाही ओल्या फडक्याने पुसा आणि बोटाने गोल फिरून बघा. तिथे क्षार राहिला तर नवा वॉशरही गळेल. ती कडा पॉलिश पेपरने किंवा तारेच्या काथ्याने घासू नका, ओरखडे पडतात आणि त्यांतून पाणी जातं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. भिंतीत लपवलेली टाकी असेल तर बटणाची पट्टी काढल्यावर आत हात जाईल एवढी खिडकी असते. तिथून ड्रॉपरने किंवा औषधाच्या पिचकारीने रंग सोडता येतो, पण आतलं सामान काढायचं असेल तर ते बसवणाऱ्यालाच बोलवा. आणि टाकीच नसलेला, दांडा दाबून जोरात पाणी सोडणारा फ्लश असेल तर ही तपासणी लागू होत नाही. तिथे भिंत पुसून कोरडा टिश्यू लावणं एवढंच हाती असतं.

पुन्हा तपासा, दोन वेळा

दुरुस्तीनंतर रंग पुन्हा टाकायचा. दोन बटणांची टाकी असेल तर एकदा मोठ्या बटणाने आणि एकदा छोट्या बटणाने फ्लश करून, टाकी भरल्यावर, वेगवेगळी तपासणी करा. दोन्ही बटणांनी व्हॉल्व्ह वेगळ्या तऱ्हेने उचलला जातो आणि परत बसतानाही वेगळा बसतो. एखादी टाकी मोठ्या फ्लशनंतर ठीक असते आणि छोट्या फ्लशनंतर तिरकी बसून गळते. एकदाच तपासलं तर हा दोष निसटतो.

मावशीकडे दोन्ही वेळा अर्धा तास थांबलो, भिंत कोरडीच राहिली. मग तिने तो पट्टा शेवटचा घासून काढला. दोन महिन्यांनी गेले तेव्हा तिने मला आधी टॉयलेटमध्ये नेलं आणि दिवा लावून दाखवलं. मागची भिंत पांढरी होती.